साठ शब्दांत ताई

एप्रिलमध्ये आमच्या प्रयोगशाळेत कुणाला बोलायला सवड नसते. मृगाच्या आधी बियाण्याच्या पिशव्या दुकानात पोचायला हव्यात, आणि उगवण तपासल्याशिवाय लॉट पुढे सरकत नाही. त्यामुळे मी ती तपासणाऱ्या ताईंना म्हटलं, बसून मुलाखत नको, काम करता करता फोनमध्ये बोलून पाठवा. संध्याकाळी साडेतीन मिनिटांचा आवाज आला. मागे पंख्याचा घुर्रर्र आवाज आणि ओले कागद उलगडल्याची चरचर. आणि मध्येच एक वाक्य, जे मी त्या रात्री चारदा ऐकलं.

मी जालन्यात एका बियाणे कंपनीत काम करते. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथे लहानपणापासून ऐकतो. आता पाळण्यात सोन्यापेक्षा बियाणं आणि लोखंडी सळया जास्त आहेत. कंपनीच्या वेबसाइटवर ‘आमची माणसं’ नावाचं पान आहे. त्यावरचे परिचय लिहिणं हे माझं काम. परिचय कसा लिहायचा याचे नियम पुण्याच्या मुख्य कार्यालयातून आले आहेत. एकूण चौदा पानांची मार्गदर्शिका, त्यातलं दीड पान परिचयांचं. हे काम अंगावर आलं तेव्हा मला वाटलं होतं, या दीड पानात माणसाचा जीव कसा बसायचा. आज मी त्या दीड पानाच्या बाजूची आहे. पण तिथवर येताना जे कळलं ते सांगण्यासारखं आहे, म्हणून हा लेख.

नियम थोडक्यात असे. परिचय तृतीय पुरुषात. जास्तीत जास्त ६० शब्द. विशेषणं नकोत. ‘इतक्या वर्षांचा अनुभव’ नको, सुरुवातीचं साल द्या. कंपनीच्या मालाबद्दल दावा नको. जन्मतारीख, गाव, कुटुंबातल्या माणसांची नावं नकोत. संस्था आणि शहरं आजच्या नावाने. संक्षेप नकोत. शेवटचं एक वाक्य कामाबाहेरचं चालेल. माणसाच्या तोंडचं एक वाक्य अवतरणात चालेल, पंधरा शब्दांपर्यंत.

यातला सालाचा नियम सगळ्यात आधी पटला. ‘१२ वर्षांचा अनुभव’ असं लिहिलं की पुढच्या वर्षी ते खोटं ठरतं आणि बदलायला कुणी जात नाही. जुन्या पानावर एक गृहस्थ पाच वर्षं बारा वर्षांच्या अनुभवावरच थांबलेले होते. ‘२००६ पासून’ लिहिलं की ते शिळं होत नाही.

जुनं पान बाहेरच्या एका संस्थेकडून लिहून घेतलेलं होतं. ताईंचा तिथला परिचय असा होता. नाव देत नाही, अमुक म्हणते:

“अमुक या आमच्या कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात वरिष्ठ तंत्रज्ञ म्हणून कार्यरत आहेत. बियाणे परीक्षण क्षेत्रात त्यांना प्रदीर्घ अनुभव आहे. दर्जेदार बियाणे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्यात त्यांचे मोलाचे योगदान आहे. त्या अत्यंत मेहनती व शिस्तप्रिय आहेत. त्यांना वाचनाची आवड आहे.”

यात एकही शब्द चुकीचा नाही. ताई मेहनती आहेतच. पण मी त्या पानावरचे चार परिचय छापले, वरची नावं कागदाने झाकली आणि जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेतल्या तिघांना दिले. यातल्या ताई कुठल्या? तिघांनी तीन वेगवेगळे कागद उचलले. एकाने तर हिशेब विभागातल्या साहेबांचा उचलला. ज्यांच्या शेजारी रोज डबा खातो त्यांचा परिचय ओळखता येत नसेल, तर बाहेरच्या माणसाला त्यातून काय मिळणार? तेव्हापासून ही नाव झाकायची परीक्षा मी प्रत्येक परिचयाला लावते. ओळखणारा त्याच विभागातला असावा लागतो. लांबच्या माणसाला नुसत्या पदावरूनही अंदाज येतो आणि आपली फसगत होते.

त्या जुन्या पानाची आणखी एक गोष्ट मला फार लागली होती. संचालक ‘पद भूषवतात’, व्यवस्थापक ‘जबाबदारी सांभाळतात’, आणि गाडीवर असलेले मामा ‘गाडी चालवतो’. एकाच पानावर. इंग्रजीतून मराठी करताना कुणाच्या लक्षातही आलं नसेल, कारण तिकडे सगळ्यांना एकच क्रियापद. मराठीत मात्र क्रियापदाच्या शेपटीला मान चिकटलेला असतो, आणि तो कुणाला दिला, कुणाला नाही, हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतं. बायकांच्या नावामागे ‘सौ.’ किंवा ‘कु.’ होतं, म्हणजे लग्न झालं की नाही तेही पानावर. पुरुषांच्या मागे नुसतं ‘श्री.’. मार्गदर्शिकेत यावर दोनच ओळी आहेत: नावामागे काही लावू नये, आणि सर्वांसाठी आदरार्थी क्रियापद वापरावं. मामांच्या परिचयात ‘चालवतात’ झालं तेव्हा त्यांनी मला काही म्हटलं नाही. पण पान मुलाला दाखवायला फोन मागून घेतला.

नियम आवाज दाबतो असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते. इथे तर नियमानेच माणसाला पानावर उभं केलं.

आता ताईंच्या त्या साडेतीन मिनिटांकडे येते.

मी त्यांना ‘तुमच्याबद्दल सांगा’ असं विचारलं नव्हतं. तो प्रश्न विचारला की माणूस शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या सूत्रसंचालकासारखा बोलायला लागतो: मला लहानपणापासून आवड, वरिष्ठांचं मार्गदर्शन, वगैरे. मी तीन प्रश्न पाठवले होते. सकाळी आल्यावर पहिल्यांदा हातात काय घेता? तुमच्या कामात चूक झाली तर ती आधी कुणाला कळते? नवीन पोरगं आलं की पहिल्या आठवड्यात त्याला काय करायला लावता? हे प्रश्न कुणालाही चालतात, मग तो गोदामातला असो की विक्रीतला. उत्तरात क्रियापदं येतात, वस्तू येतात, आणि विशेषणांना जागाच उरत नाही.

ताईंनी सांगितलं ते काम समजून घेण्यासारखं आहे. सोयाबीनच्या लॉटमधून नमुना येतो. त्यातले ४०० दाणे मोजून घ्यायचे, गट पाडायचे, ओल्या कागदावर ओळीने मांडून गुंडाळी करायची आणि ठरावीक उष्णतेच्या कपाटात उभी ठेवायची. पाचव्या दिवशी एकदा उघडायची, आठव्या दिवशी शेवटची. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के लागते. आणि इथेच ताईंचं खरं काम सुरू होतं, कारण कोंब बाहेर आला म्हणजे उगवलं असं धरत नाहीत. मूळ तुटकं असतं, दलं तडकलेली असतात, एखादं रोप वळून तिथेच बसलेलं असतं. मातीत ते वर येणार नाही. सोयाबीनचं साल पातळ, मळणीत आणि पोती आपटण्यात त्याला मार बसतो, तो बाहेरून दिसत नाही, कागदात दिसतो. अशी रोपं वेगळी मोजायची. ती उगवणीत धरली तर टक्केवारी छान दिसते आणि शेतात फजिती होते.

मग त्या २०२० च्या खरिपाबद्दल बोलल्या. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस पडला होता, सोयाबीन भिजलं, आणि पुढच्या हंगामात मराठवाड्यात बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला. दुबार पेरणी झाली. त्या दिवसांत ताई रात्री आठपर्यंत गुंडाळ्या उघडत होत्या. आवाज जरा खाली आला आणि त्या म्हणाल्या: “रोप धड नसंल तर म्या ते उगवलं असं लिहीत न्हाई. मंग कुनी काई म्हनू.”

हेच ते चारदा ऐकलेलं वाक्य.

२०२० चा भाग परिचयात येणार नव्हता, हे मला ऐकतानाच कळलं. मालाबद्दल दावा नको हा नियम कायदा विभागाचा आहे आणि तो बरोबर आहे. ‘अमुक यांच्या तपासणीमुळे त्या वर्षी आमचं बियाणं उगवलं’ असं काहीही सुचवणं म्हणजे दुसऱ्या दिवशी कुणीतरी पावती घेऊन दारात. परिचय म्हणजे हमीपत्र नव्हे. पण ती गोष्ट गेली तरी त्या गोष्टीतून तयार झालेली माणसाची सवय राहू शकते. काय झालं ते काढायचं, त्यामुळे ही बाई आता काय करते ते ठेवायचं. हे मला त्या दिवशी नीट उमगलं आणि नंतर कितीतरी परिचयांत कामी आलं.

मी लिहायला बसले. पहिली अडचण पहिल्याच वाक्यात. मार्गदर्शिकेत तेव्हा लिहिलं होतं, पहिल्या वाक्यात नाव, पद आणि विभाग यावा. ताईंचं पद ‘वरिष्ठ तंत्रज्ञ, गुणवत्ता नियंत्रण व बियाणे परीक्षण विभाग’. हे सगळं वाक्यात बसवलं की मोबाइलवर यादीच्या चौकोनात दिसणाऱ्या दोन ओळी तिथेच संपतात. यादीत माणसं एकाखाली एक येतात, प्रत्येकाच्या दोन ओळी, आणि त्या दोन ओळींत सगळे ‘विभागात कार्यरत’. पूर्ण परिचय उघडायचं कारणच उरत नाही.

पण त्या चौकोनात नावाखाली पद आपोआप येत होतं. ते वेगळ्या रकान्यातून भरलं जातं. म्हणजे पद दोनदा. मी पुण्याला लिहिलं: पद नावाखाली येतंच आहे, तर वाक्यात पुन्हा नको, पहिलं वाक्य कामाच्या क्रियापदाने भरू द्या. ताईंच्या चौकोनाचं चित्र जोडलं, आधीचं आणि नंतरचं. दोन दिवसांत नियम बदलला. मी काही भांडले नाही. नियम ज्यासाठी होता ते काम, म्हणजे वाचणाऱ्याला माणसाचं पद कळणं, दुसऱ्या जागी होतच होतं, एवढंच दाखवलं. ‘माझ्या लिखाणाला हा नियम जाचतो’ असं लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं, आणि वाचू नयेच.

दुसरी अडचण त्या वाक्याची. मी ते ताईंच्या बोलीत तसंच्या तसं ठेवलं. ‘नसंल’, ‘म्या’, ‘न्हाई’. मला ते फार आवडलं होतं. आपला मराठवाडा त्या तीन शब्दांत होता. पुण्याकडून शुद्धलेखनाचा आक्षेप येईल म्हणून मी उत्तरही तयार ठेवलं होतं: अवतरणात माणूस बोलतो, तिथे प्रमाण भाषेची सक्ती कशाला?

आक्षेप ताईंनी घेतला.

मी कागद छापून प्रयोगशाळेत नेला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “मॅडम, हे असं नका टाकू.”

मी म्हटलं, “ताई, हे तुम्हीच बोललात. किती छान आहे.”

“बोलले. तुमच्याशी बोलले. मी बोलते अशी, लिहीत नाही अशी.” मग त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. “यात कुठं ‘न्हाई’ दिसतंय का बघा.”

मी बघितलं. निळ्या शाईत, सरळ, एकाच उंचीची अक्षरं. शेऱ्याच्या रकान्यात: ‘मूळ तुटलेले. उगवणीत धरले नाही.’ खाली दुसऱ्या लॉटला: ‘दले तडकलेली, १४. पुन्हा नमुना मागवला.’ पानामागून पान असंच. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही.

मी तिथे उभी राहून पाचसहा पानं वाचली. मी ज्याला ताईंचा आवाज समजत होते तो मला गोड वाटणारा आवाज होता. शहरात शिकून आलेल्या माणसाला आपल्याच भागाची बोली ऐकली की जे होतं ते मला झालं होतं. ताईंचा लिहिण्याचा स्वतःचा आवाज आहे, तो इतकी वर्षं या रजिस्टरात आहे, आणि तो प्रमाण मराठीत आहे. त्यांनी तो कमावला आहे. त्यावर माझ्या हौसेपायी बोलीचं लुगडं नेसवायचा मला काही अधिकार नव्हता. बोलीत लिहिणारा माणूस स्वतःहून तसं लिहून देईल तर मी एक काना हलवणार नाही, आणि गोदामातल्या एका दादांचं वाक्य आज पानावर ‘करायलो’ सकट आहे, कारण त्यांनी ते तसंच टाका म्हणून सांगितलं. निर्णय ज्याचं नाव वर आहे त्याचा.

पण ‘धड’ हा शब्द मी सोडला नाही. रजिस्टरात ‘सामान्य रोप’ लिहितात, तो तांत्रिक शब्द. ताई बोलताना ‘धड’ म्हणतात, आणि हा शब्द बोलीतही आहे, प्रमाण भाषेतही आहे. शेतकऱ्याला ‘सामान्य रोप’ म्हटलं तर तो म्हणेल, म्हणजे साधंसुधं? ‘धड’ म्हटलं की हातपाय शाबूत असलेलं, उभं राहणारं. मी विचारलं, हा ठेवू? त्या हसल्या. “हा ठेवा. तो काही चुकीचा नाही.”

मग शेवटचं वाक्य. कामाबाहेरचं. जुन्या पानावर ‘वाचनाची आवड’ होती. ती ताईंना कुणी विचारून लिहिली नव्हती. मी विचारलं, रविवारी काय करता? म्हणाल्या, जूनमध्ये की एरवी? जूनमध्ये शेतात. तिफणीमागे. चाड्यावर मूठ धरायला अजून मीच लागते घरी, कारण दुसऱ्या कुणाची मूठ सारखी पडत नाही. आठवडाभर कागदात बी मांडणारी बाई रविवारी तेच बी तिफणीच्या चाड्यातून मुठीने मातीत सोडते. मी लगेच लिहून घेतलं.

पुण्याहून यावर मात्र विचारणा आली: ‘चाडं’ कुणाला कळेल? मार्गदर्शिकेत ओळ आहे, वाचकाला कळेल असाच शब्द वापरा. मी त्याच ओळीवर बोट ठेवलं. आमच्या मराठी पानाचा वाचक कोण? दुकानदार आणि शेतकरी. आता पुष्कळ पेरणी ट्रॅक्टरवर होते, पण चाडं म्हणजे काय हे इथे ज्याच्या घरी शेत आहे त्या कुणालाही सांगावं लागत नाही. उलट ‘गुणवत्ता नियंत्रण’ समजावून सांगावं लागतं. शब्द राहिला. इंग्रजी पानावर त्याच वाक्यात नुसतं ‘हाताने पेरतात’ असं आहे, आणि ते ठीक आहे; तिथला वाचक वेगळा.

शेवटी ताईंचा परिचय असा झाला:

“अमुक २००६ पासून सोयाबीन आणि कापसाच्या बियाण्यांची उगवण तपासतात. सोयाबीनच्या प्रत्येक लॉटमधले ४०० दाणे त्या ओल्या कागदात ठेवतात आणि आठव्या दिवशी एकेक रोप हातात घेऊन पाहतात. “रोप धड नसेल तर मी ते उगवलं असं लिहीत नाही,” असे त्या सांगतात. नवीन तंत्रज्ञांना पहिला आठवडा त्या फक्त मोजायला बसवतात. पेरणीच्या दिवसांत रविवारी त्या स्वतःच्या शेतात चाड्यावर मूठ धरतात.”

नाव आणि आडनाव धरून ५७ शब्द. मी मोजले, दोनदा. एकही विशेषण स्तुतीचं नाही. दावा नाही, त्या काय करतात एवढंच आहे, बियाणं कसं आहे याबद्दल चकार शब्द नाही. तृतीय पुरुष आहे. साल आहे. नियमांच्या यादीवर खुणा करत गेले तर सगळ्या खुणा पडतात. नाव झाकून त्याच तिघांना कागद दिला. वाचून व्हायच्या आत, ‘लिहीत नाही’पाशीच, एकाने मान वर केली आणि ताईंच्या टेबलाकडे पाहिलं.

अवतरणाबद्दल एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण त्यात माझी चूक आहे. सुरुवातीच्या काळात एका विक्री अधिकाऱ्यांच्या परिचयात मी त्यांच्या तोंडी एक वाक्य घातलं. ते बोलले होते त्याच अर्थाचं, पण मी त्याला जरा घाट दिला. त्यांनी मंजूर केलं. घाईत मंजूर करतात लोक. पुढे एका कृषी प्रदर्शनात एका दुकानदाराने फोनमधून तेच वाक्य त्यांना वाचून दाखवलं, मोठ्या कौतुकाने, आणि त्यांना ते आपलं आहे हेच आठवेना. ते माझ्याशी रागाने बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “त्या माणसापुढे मला खोटं पडल्यासारखं झालं.” तेव्हापासून अवतरणात फक्त रेकॉर्डिंगमधलं वाक्य येतं. कापायचं असेल तर टोकाकडून कापते, मधले शब्द बदलत नाही. ताईंच्या वाक्याचं प्रमाण रूपही मी केलं नाही, त्यांच्याकडूनच लिहून घेतलं.

आणि एका बाबतीत नियमापुढे माणसाचं म्हणणं मागे ठेवावं लागलं, आणि तेच योग्य होतं असं मला वाटतं. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ क्षेत्र अधिकाऱ्यांनी परभणीला कृषी पदवी घेतली तेव्हा ते मराठवाडा कृषी विद्यापीठ होतं. २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचं नाव लागलं. सरांना पदवीवर आहे तसंच नाव हवं होतं, कारण त्यांच्या आठवणीतलं विद्यापीठ तेच. भावना कळते. पण आपल्या भागात विद्यापीठाचं नाव ही साधी पाटी नसते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला आणि त्याआधी माणसांनी काय काय सोसलं हे इथे कुणाला सांगायला नको. शेजारच्या औरंगाबादचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, त्यावरही घरोघरी मतं आहेत. एकाच पानावर एकाने जुनं नाव लिहायचं, दुसऱ्याने नवं, म्हणजे प्रत्येकाच्या परिचयातून त्याची बाजू शोधत बसायचं आमंत्रण. आजचं अधिकृत नाव, सगळ्यांना एकच, हा नियम अशा वेळी माणसाला आडोसा देतो. मी सरांना हे असंच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “विद्यापीठ कशाला लिहिता? ‘परभणीला शिकले’ एवढं लिहा. आपल्याकडं कृषीवाला परभणीला शिकला म्हटलं की कुठं, ते कोण विचारतं?”

नियमात संस्थेचं नाव द्यायलाच हवं असं कुठेही नव्हतं. त्यांच्या परिचयात आज ‘परभणीला शिकले’ एवढंच आहे. चौदा पानांत हे वाक्य कुणी सुचवू शकलं नसतं.

ताईंचा अंतिम कागद सहीसाठी नेला तेव्हा मे उजाडला होता. संमतीशिवाय कुणाचाही परिचय किंवा फोटो पानावर चढत नाही, त्यामुळे कागदावर सही लागते. आणि सही घेण्याआधी मी ज्याचा त्याला परिचय मोठ्याने वाचायला सांगते. डोळ्यांनी वाचताना जे निसटतं ते जिभेला अडतं. ताईंनी हातमोजे काढले, कागद खिडकीपाशी धरला आणि वाचला. मूठ धरतात, इथे जरा थांबल्या, पुढे काही बोलल्या नाहीत. मग पुन्हा वरून वाचायला लागल्या आणि चौथ्या वाक्याशी बोट टेकवलं.

“हे ‘फक्त’ काढा.”

मी म्हटलं, “ताई, त्याने जोर येतो.”

“येतो, पण उलटा. फक्त मोजायला म्हणजे मोजणं हलकं काम आहे का?”

मी पेनने तो शब्द खोडला. ५६ झाले. ताईंनी खाली सही केली, तारीख घातली, आणि हातमोजे चढवून पुढची गुंडाळी उघडायला घेतली.